उन्हाळी बॅच आखताना आधी प्रमाणपत्रावरचा मजकूर लिहा

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझा छोटा कॉम्प्युटर क्लास आहे, बारा मशीन. या सुट्टीत बी.कॉम.च्या मुलांसाठी टॅली, जीएसटी आणि एक्सेलची बॅच काढायची आहे. फी किती ठेवू, किती आठवडे चालवू? शिवाय पालक पहिला प्रश्न विचारतात, ‘सर्टिफिकेट सरकारमान्य आहे का?’ शेजारचा क्लासवाला छातीठोकपणे हो म्हणतो. मी काय सांगू?

उत्तर :

तुम्ही तिसरा प्रश्न शेवटी विचारलात, पण कामाला सुरुवात तिथूनच करा. बॅच संपल्यावर मुलाच्या हातात जो कागद द्याल, त्यावर कोणतं वाक्य खरेपणाने लिहिता येईल ते आधी ठरवा. ते वाक्य ठरलं की किती तास शिकवायचं ते कळतं आणि तासांवरून फी निघते. बहुतेक क्लास उलटं करतात. शेजाऱ्याची फी बघून आपली लावतात, त्यात बसतील तितके दिवस शिकवतात आणि शेवटी छापखान्यातून आलेल्या सोनेरी किनारीच्या कागदावर जे शोभेल ते लिहितात.

पालकांना जो प्रश्न पडतो तो चुकीचा नाही. घरात कोणी ना कोणी एमएस-सीआयटी केलेलं असतं, कोणी टायपिंगची परीक्षा दिलेली असते. एमएस-सीआयटी एमकेसीएलची आहे आणि राज्य शासनाच्या नोकरीत संगणक अर्हता म्हणून ती धरली जाते. संगणक टायपिंगची जीसीसी-टीबीसी परीक्षा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. म्हणजे ‘सर्टिफिकेट सरकारमान्य आहे का’ याचा पालकांच्या मनातला अर्थ साधारण असा असतो : सरकारी भरतीच्या अर्जात हे जोडता येईल का? मी पुढे जी पाच आठवड्यांची, पन्नास तासांची बॅच सुचवतो आहे, तिच्याबद्दल याचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि ते फीचा आकडा सांगण्याआधी सांगायचं.

शेजारचा क्लासवाला ‘हो’ म्हणतो तो कशाच्या जोरावर, हेही समजून घ्या. भिंतीवर लावलेली कागदपत्रं वाचलीत तर सहसा यापैकी काहीतरी सापडतं : दुकान आस्थापनेची नोंद, उद्यम नोंदणी, एखाद्या न्यासाची किंवा कंपनीची नोंदणी, आयएसओ ९००१ चं प्रमाणपत्र. उद्यम नोंदणी केंद्र सरकारच्या पोर्टलवर होते, त्यामुळे ‘भारत सरकार नोंदणीकृत संस्था’ हे शब्द अक्षरशः खोटे ठरत नाहीत. पण ती नोंदणी पिठाच्या गिरणीलाही मिळते; तुम्ही लघु व्यवसाय करता एवढंच ती सांगते. काय शिकवता, कसं शिकवता, याकडे त्यात कोणी पाहिलेलं नसतं. आयएसओ ९००१ हे संस्थेच्या कामकाजाच्या पद्धतीचं मानक आहे आणि ते प्रमाणपत्र खाजगी प्रमाणन संस्था देतात. कोर्सला मान्यता यातल्या एकाही कागदाने मिळत नाही. संस्था नोंदलेली असणं आणि अभ्यासक्रम मान्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फसवणूक नेमकी या दोहोंमधल्या फटीत होते.

अभ्यासक्रमाला खरी मान्यता असेल तर ती तपासता येते. कौशल्य अभ्यासक्रमांसाठी देशात एनसीव्हीईटी ही नियामक परिषद आहे. तिने मान्यता दिलेल्या पुरस्कार संस्था, म्हणजे ‘अवॉर्डिंग बॉडी’, प्रमाणपत्र देतात, प्रत्येक पात्रतेला संकेतांक असतो, राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यातली, म्हणजे एनएसक्यूएफमधली, तिची पातळी ठरलेली असते आणि ती राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत, म्हणजे nqr.gov.in वर सापडते. मूल्यमापनही शिकवणाऱ्याने करायचं नसतं, ते बाहेरचा मूल्यमापक करतो. राज्यात कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ आहे. त्याच्याशी संलग्न व्हायचं तर संस्थेची मान्यता, ठरलेला अभ्यासक्रम, मंडळाची परीक्षा असा सगळा रस्ता आहे. हे करायचं असेल तर पुढच्या वर्षासाठी आत्ता कामाला लागा. या सुट्टीत ते होणार नाही.

मार्च-एप्रिलमध्ये तुम्हाला ‘फ्रँचायझी’वाल्यांचे फोन येतील. ठरावीक रक्कम भरा, आमचं अधिकृत केंद्र व्हा, सहा महिन्यांचे डिप्लोमा छापून देऊ, मागच्या तारखेचेही देऊ. त्यांना तीन गोष्टी विचारा : पात्रतेचा संकेतांक कोणता, पुरस्कार संस्था कोणती, परीक्षा कोण घेतं. पहिल्याच प्रश्नाला जो फोन दुसऱ्या ‘सरां’कडे देतो, त्याच्याशी पुढे बोलण्यात वेळ घालवू नका.

आता तुमचा कागद. माझ्या मते पन्नास तासांत बी.कॉम.च्या मुलाबद्दल एवढं खरेपणाने लिहिता येतं :

“कु./श्री. ____ यांनी ____ ते ____ या काळात झालेल्या ५० तासांच्या वर्गापैकी ____ तास उपस्थित राहून एका नमुना व्यवसायाचे एका महिन्याचे हिशेब टॅली प्राइममध्ये लिहिले, बँक खात्याची जुळवणी केली आणि खरेदी नोंदवही जीएसटीआर-२बीशी ताडून पाहिली. अंतिम प्रात्यक्षिकात १०० पैकी ____ गुण. हे आमच्या क्लासचे स्वतःचे प्रमाणपत्र आहे. शासन, विद्यापीठ किंवा कोणत्याही परीक्षा मंडळाने ते दिलेले नाही.”

शेवटचं वाक्य वाचून पालक निघून जातील अशी भीती वाटेल. काही जातीलही. पण ज्याला नोकरीवर ठेवायचं तो सीए किंवा व्यापारी या कागदावर पहिली ओळ वाचतो, शेवटची नाही. त्याला ‘डिप्लोमा इन अॅडव्हान्स्ड अकाउंटिंग’ कळत नाही, ‘बँक जुळवणी केली’ हे कळतं, कारण सोमवारी सकाळी त्याला तेच करून हवं असतं. ‘डिप्लोमा’, ‘प्रोफेशनल’, ‘मास्टर’ असे शब्द पाच आठवड्यांना लावू नका. ‘विद्यापीठ’ हा शब्द संस्थेच्या नावात वापरायला तर यूजीसी कायद्याचीच आडकाठी आहे. प्रमाणपत्रावर सिंहमुद्राही छापू नका. तिच्या गैरवापराविरुद्ध २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. छापखानेवाला ‘सगळे टाकतात साहेब’ म्हणेल, त्याच्यावर जाऊ नका.

मुलं हल्ली आणखी एक विचारतात : ‘याचे क्रेडिट मिळतील का?’ नव्या अभ्यासक्रमात कौशल्याचे विषय आले आहेत आणि राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांना एक क्रेडिट धरतात, त्यामुळे पन्नास तास ऐकल्यावर मुलं मनात हिशेब मांडतात. पण क्रेडिट बँकेत क्रेडिट जमा करण्याचा अधिकार नोंदलेल्या शिक्षणसंस्थांना आणि मान्य पुरस्कार संस्थांना आहे, खाजगी क्लासला नाही. त्याच्या कॉलेजने तुमच्याशी लेखी करार करून हा वर्ग स्वतःचा म्हणून चालवला तर गोष्ट वेगळी. तोवर ‘क्रेडिट मिळणार नाहीत’ एवढंच सांगा.

आता वरचं वाक्य खरं ठरायला किती तास लागतात ते पाहू. माझा अंदाज : शिकवण्याचे पंचवीस वर्ग, प्रत्येकी दोन तास, सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. शनिवारी नवीन काही नाही. मशीन उघडी, मदतनीस हजर, मागे राहिलेल्यांनी येऊन राहिलेलं पूर्ण करायचं. हे शनिवार पन्नास तासांत मोजू नका.

सुरुवातीची तारीख कॅलेंडर बघून नाही, परीक्षेचं वेळापत्रक बघून ठरवा. तिन्ही वर्षांचे पेपर वेगवेगळ्या दिवशी संपतात, एखादा पुढे ढकलला जातो, एटीकेटीवाल्यांचे आणखी पुढे जातात. तुमची बॅच मुख्यतः कोणत्या वर्षाची, ते ठरवा आणि त्यांच्या शेवटच्या पेपरनंतर चार-पाच दिवस सोडून येणारा सोमवार धरा. तिथून पाच आठवडे मोजा. शेवट जूनच्या मध्यापलीकडे जात असेल तर एकूण तास कमी करण्यापेक्षा रोजचे तास दोनाचे अडीच करा, कारण कॉलेज उघडलं, निकाल लागला, प्रवेशाची धावपळ सुरू झाली की शेवटच्या आठवड्यात अर्धा वर्ग रिकामा असतो, आणि नेमकी परीक्षा त्याच आठवड्यात असते.

वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊ ठेवा. उन्हाच्या आत मुलं घरी पोचतात आणि तुमचं विजेचं बिलही आटोक्यात राहतं. फक्त आसपासच्या गावांतून येणाऱ्यांची पहिली एसटी किती वाजता लागते ते विचारून घ्या. ती पावणेआठला येत असेल तर वर्ग आठला सुरू करा. मे महिना लग्नसराईचा. पंचांगात दाट मुहूर्त असलेले दिवस आधीच खूण करून ठेवा आणि त्या दिवशी सरावाची पानं द्या, नवा विषय काढू नका. घरातलंच लग्न असेल तर कोणताही मुलगा येणार नाही, आणि तो जीएसटीचा पहिला दिवस असेल तर पुढचे तीन दिवस तो नुसता मान डोलवत बसतो.

प्रवेशाच्या वेळी वीस मिनिटांचा एक कागद सोडवून घ्या. दहा व्यवहार, प्रत्येकाचं डेबिट कोणतं आणि क्रेडिट कोणतं एवढंच. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाचा मुलगाही ‘मालकाने घरखर्चाला पैसे काढले’ इथे अडखळतो. दहापैकी सहाच्या खाली असेल त्याला बॅच सुरू होण्याआधी तीन-चार दिवस वहीत जमाखर्च शिकवा. याचे वेगळे पैसे लावायचे असतील तर ते माहितीपत्रकावर आधी छापा.

पहिला आठवडा कंपनी तयार करणं, खाती कोणत्या गटात घालायची, रोजच्या पावत्या. यात जीएसटी अजिबात नको. इथेच एक गैरसमज मोडायला हवा. टॅलीत दोन बाजू जुळल्याशिवाय नोंद घेतलीच जात नाही, त्यामुळे तेरीज जुळते याचा अर्थ काम बरोबर आहे असा होत नाही. चूक असते ती गटात. मुलगा जीएसटीचं खातं ‘Duties & Taxes’ ऐवजी ‘Indirect Expenses’मध्ये उघडतो, तेरीज छान जुळते आणि नफा खोटा दिसतो. म्हणून मुलांचं काम तपासताना आधी ताळेबंद उघडा, तेरीज नाही.

दुसरा आठवडा जीएसटीसह खरेदी-विक्री, परत आलेला माल, राज्याबाहेरचं बिल. नोट्स जुन्या असतील तर त्या बदलाव्या लागतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांचे टप्पे बदलले. १२ आणि २८ टक्क्यांतल्या बहुतांश वस्तू ५ आणि १८ टक्क्यांत गेल्या. जुन्या दरांची उदाहरणं सोडवलेला मुलगा मुलाखतीत पहिल्या दोन मिनिटांत उघडा पडतो.

तिसरा आठवडा बँक जुळवणीचा आणि त्यासाठी लागणाऱ्या एक्सेलचा. इथे टॅलीच्या एज्युकेशनल मोडची अडचण येते. परवाना न घेता चालवलेल्या टॅलीत महिन्याच्या १, २ आणि ३१ एवढ्याच तारखांना नोंद करता येते. एवढ्यावर गट, पावत्या, अहवाल शिकवता येतात, पण बँक जुळवणी शिकवता येत नाही, कारण चेक दिल्याची तारीख आणि तो वठल्याची तारीख यांच्यातला फरक हाच त्या विषयाचा गाभा आहे. सगळा महिना १ आणि २ तारखेत कोंबलेली दैनंदिनी अनुभवी हिशेबनीस लगेच ओळखतो. बारा मशीनसाठी नेटवर्कवर चालणारा परवाना लागेल, एका मशीनचा पुरणार नाही. त्याचा खर्च फीत धरावा लागतो. क्रॅक केलेली प्रत वापरून ‘प्रामाणिक प्रमाणपत्र’ देण्याबद्दल मी काही बोलत नाही.

चौथा आठवडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका हाच बहुतेक क्लासमध्ये नसतो. पुरवठादाराने आपलं बिल विवरणपत्रात दाखवलं आणि ते आपल्या जीएसटीआर-२बीमध्ये उतरलं, तरच आपल्याला त्या कराचं क्रेडिट घेता येतं. मासिक विवरणपत्रं भरणाऱ्यांसाठी २बी पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार होतं आणि २० तारखेला ३बी भरायचं असतं. त्या मधल्या पाच-सहा दिवसांत प्रत्येक कर सल्लागाराच्या कार्यालयात खरेदी नोंदवही आणि २बी शेजारी-शेजारी ठेवून बिलं ताडून पाहण्याचं काम चालतं, आणि तिथे हात कमी पडतात. मुलाला दोन एक्सेल फाइल द्या, VLOOKUP लावायला सांगा. निम्मी बिलं सापडणार नाहीत. कारण आपल्याकडे बिल क्रमांक ४५ लिहिलेला असतो, २बीमध्ये INV/045 असतो. कुठे क्रमांकानंतर एक रिकामी जागा राहिलेली असते, कुठे आकडा मजकूर म्हणून उतरलेला असतो. मग आधी TRIM लावून जागा काढायची, क्रमांक सारखे करायचे, तरीही न जुळलेली बिलं पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक आणि रक्कम धरून शोधायची. हे दोन दिवस मुलं वैतागतात. वैतागू द्या, कार्यालयातही हेच आहे.

पाचव्या आठवड्यात एक पूर्ण महिना पहिल्यापासून शेवटपर्यंत करून घ्या आणि शुक्रवारी प्रात्यक्षिक ठेवा. ते दोन तासांत संपत नाही, त्या दिवशी तासभर जास्त धरा. मी असा संच सुचवेन : चाळीस बिलं, वीस-पंचवीस ओळींचं बँक पासबुक, एक २बीची फाइल. त्यात चार खड्डे मुद्दाम ठेवायचे. एक बिल दोनदा घातलेलं, बँकेचा एक आकार जो वहीत नाही, राज्याबाहेरच्या पुरवठादाराचं एक बिल ज्याला आयजीएसटी लागतो, आणि २बीमध्ये न आलेलं एक बिल. साठ गुण नोंदींना, चाळीस या चार खड्ड्यांना. ज्याने नोंदी भराभर केल्या पण एकही खड्डा ओळखला नाही, त्याला साठच्या वर जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. उत्तीर्णतेची रेषा साठवर ठेवू नका मात्र, नाहीतर खड्डे न ओळखणाराही काठावर पास होईल, सत्तर ठेवा. ही रेषा आणि उपस्थितीची किमान अट प्रवेशाच्या दिवशीच लेखी द्या.

फीचा हिशेब आता सोपा आहे. आकडे समजा म्हणून मांडतो, तुमचे तुम्ही घाला. पाच आठवड्यांचा भाड्यातला या बॅचचा वाटा ९,००० रुपये, वीज ५,०००, शिकवणाऱ्याचे पन्नास तास ताशी ३५० प्रमाणे १७,५००, मदतनीस ६,०००, पत्रकं आणि जाहिरात ३,५००, परवाना-इंटरनेट-दुरुस्तीचा वाटा ४,०००. एकूण ४५,०००. स्वतः शिकवत असाल तरी १७,५०० धराच. ते धरले नाहीत तर पुढच्या वर्षी शिक्षक ठेवायची वेळ आली की फी अचानक वाढवावी लागते. याशिवाय प्रत्येक मुलामागे नोट्स आणि कागदपत्रांचे २००.

बारा जागा आहेत म्हणून ४५,००० ला बाराने भागू नका. नऊ जागा भरतील असं धरा. ४५,००० भागिले ९ म्हणजे ५,०००, अधिक २००, फी ५,२००. नऊ मुलं आली तर खर्च निघतो. बारा आली तर १५,००० उरतात. सातच आली तर १०,००० खिशातून जातात. म्हणून बॅच सुरू होण्याच्या आठवडाभर आधीची एक तारीख ठरवा. त्या दिवशी आठपेक्षा कमी प्रवेश असतील तर बॅच पुढे ढकला किंवा सगळी रक्कम परत करा, आणि हे पावतीवर आधीच छापलेलं असू द्या. कमी मुलांवर बॅच रेटणारे क्लास तिसऱ्या आठवड्यात मदतनिसाला काढतात, शनिवार बंद करतात आणि मग प्रमाणपत्रावरचे पन्नास तास खोटे होतात.

वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि जीएसटी नोंदणी घेतलेली नसेल, तर पावतीवर जीएसटी लावता येत नाही. नोंदणी असेल तर अशा खाजगी प्रशिक्षणावर १८ टक्के आहे, तेव्हा पत्रकावर करासह एकच आकडा लिहा. ‘१५,००० चा कोर्स फक्त ५,२०० मध्ये’ असं लिहायचं असेल तर कोणाकडून कधीतरी १५,००० घेतल्याची पावती तुमच्याकडे हवी. ती नसते. आणि परीक्षा फी, प्रमाणपत्र फी, लॅब फी अशी शेवटच्या आठवड्यात काढायची खाती ठेवू नका. मुलाला टॅलीची किंवा मायक्रोसॉफ्टची बाहेरची परीक्षा द्यायची असेल तर तिची फी वेगळी, ती ऐच्छिक, ती परीक्षा घेणाऱ्यालाच जाते आणि ते प्रमाणपत्र त्या कंपनीचं असतं, सरकारचं नव्हे, हे सांगून मोकळे व्हा.

हप्ते दोन ठेवा : प्रवेशाला २,६००, तिसऱ्या आठवड्याच्या सोमवारी २,६००. सोडून जाणाऱ्याचा हिशेबही याच आकड्यांतून निघतो. नोट्सचे २०० वगळले तर ५,००० ला पंचवीस वर्ग, म्हणजे एका वर्गाचे २००. दहा वर्गांनंतर कोणी सोडलं आणि पूर्ण फी भरली होती, तर उरलेल्या पंधरा वर्गांचे ३,००० परत. फक्त पहिला हप्ता भरला असेल तर २,२०० वापरले गेले, ४०० परत. शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंग केंद्रांविषयीच्या मार्गदर्शक सूचनांतही उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करण्याचं तत्त्व आहे. त्या सूचना मोठ्या केंद्रांना डोळ्यांसमोर ठेवून आहेत, पण हिशेब छोट्यालाही परवडणारा आहे. ‘फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ हे वाक्य पावतीवरून काढा. भांडणात ते तुमच्याच विरोधात वाचलं जातं.

पत्रकात ‘१००% नोकरीची हमी’ लिहायचा मोह होईल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी वेगळे नियम काढले. पन्नासहून अधिक विद्यार्थ्यांच्या केंद्रांना ते लागू आहेत आणि नोकरीच्या हमीसारखे दावे त्यात बसत नाहीत. यशस्वी विद्यार्थ्याचा फोटो वापरायला त्याची लेखी संमती लागते, तीही निवड झाल्यानंतर घेतलेली. तुमच्याकडे बाराच मुलं असली तरी मूळ कायदा सगळ्यांना आहे. २०२२ च्या जाहिरातविषयक सूचनांतली एक अट मला फार आवडते : खुलासा हा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फाँटमध्ये हवा. म्हणजे वर मोठ्या मराठीत ‘नोकरी’ आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत ‘अटी लागू’ चालत नाही. सांगायचंच असेल तर एवढं सांगा : ‘ओळखीच्या तीन कार्यालयांकडे उत्तीर्ण मुलांची नावं देऊ, निवड त्यांची.’ आणि ती तीन कार्यालयं खरोखर विचारून घेतलेली असू द्या.

दाराशी उभ्या पालकांना मी असं सांगेन : “काका, हे सरकारी नाही. सरकारी भरतीला उपयोग नाही. तुमचा मुलगा पाच आठवड्यांनी एका दुकानाचा महिन्याचा हिशेब लिहील आणि खरेदीची बिलं २बीशी ताडून देईल. मागच्या प्रात्यक्षिकाचा कागद हा, बघा. तुम्हाला भरतीसाठीच काही हवं असेल तर आधी एमएस-सीआयटी करून घ्या, ती अमुक ठिकाणी होते.” पहिलीच बॅच असेल आणि मागचा कागद नसेल, तर पाचव्या आठवड्याचा प्रश्नसंच दाखवा. दुसरीकडे पाठवण्यात गिऱ्हाईक जातं असं वाटतं, पण त्यातली बरीच मुलं एमएस-सीआयटी झाल्यावर परत येतात.

शेवटी नोंदवही. प्रत्येक प्रमाणपत्राला क्रमांक द्या. त्या क्रमांकापुढे हजेरीचे तास, गुण आणि त्या मुलाने केलेली प्रात्यक्षिकाची टॅली-एक्सेल फाइल जपून ठेवा. प्रमाणपत्रावर क्लासचा फोन छापा. कधीतरी एखाद्या कार्यालयातून फोन येईल की हा मुलगा तुमच्याकडे होता का. मुलाच्या परवानगीने क्रमांक पाहून तास आणि गुण सांगा, विशेषणं लावू नका. जो हजर राहिला पण सत्तरला पोचला नाही, त्याला प्रमाणपत्राऐवजी किती तास उपस्थित होता एवढंच लिहिलेलं पत्र द्या आणि जुलैतला एक रविवार फेरपरीक्षेला ठेवा. त्या फेरपरीक्षेची फी घेऊ नका, आणि बिलांचा संच बदला, कारण पहिला संच तोवर सगळ्यांच्या मोबाइलवर पोचलेला असतो.